नुसता फ्रीजचा फोटो

भाऊजींना, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, चहा हवा असला की ते रिकामा कप ओट्यावर आणून ठेवतात. एवढंच. कप ठेवायचा आणि खिडकीशी जाऊन बाहेर बघत उभं राहायचं. शर्टाचं बटण तुटलं की शर्ट पलंगावर पसरून ठेवायचा, तुटलेली बाजू वर. चष्म्याची काडी ढिली झाली की चष्मा ताईच्या पुढ्यात, ती वाचत असलेल्या पेपरावर. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली, पण या माणसाने "हे दे गं जरा" असं म्हटलेलं मी तरी ऐकलेलं नाही. माझा नवरा त्यांना मौनीबाबा म्हणतो. पाठीमागे, अर्थात. समोर म्हटलं असतं तरी उत्तर कुठून येणार होतं?

नोकरी हॉस्पिटलात, एक्स-रे काढायची. म्हणजे नोकरीही अशी शोधली की जिथे तीन वाक्यांत दिवस निघतो. श्वास घ्या. धरून ठेवा. सोडा. रिटायर झाले तेव्हा सगळ्यांनी भाषणं केली आणि यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. यांनी हात जोडले आणि खाली बसले. लोक म्हणाले, किती नम्र माणूस. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. मिठाची गुळणी धरून बसणाऱ्याला नम्र म्हणायचं असेल तर आमच्या दुकानातला कपडे अडकवायचा पुतळा संतच म्हणायला हवा.

माझं कपडे अल्टर करून द्यायचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर. मला या जातीची माणसं रोज भेटतात. पॅंट काउंटरवर टाकतात आणि "संध्याकाळी येतो" म्हणून चालू लागतात. अहो, पण करायचं काय हिचं? कमी करायची, ढिली करायची, की चेन बदलायची? मी हाक मारून माघारी बोलावते. विचारल्याशिवाय मी सुईत दोरा ओवत नाही. एकदा अशीच अंदाजाने एकाची पॅंट आखूड केली होती आणि त्याला फक्त खिसा शिवून हवा होता. त्या दिवसापासून मी शहाणी झाले.

ताई मात्र कधी शहाणी झाली नाही. ती सगळं ओळखायची. कप दिसला की चहा, शर्ट दिसला की सुई. वर त्याचं कौतुक सांगायची, "त्यांना काय हवंय ते मला बघूनच कळतं." मी म्हणायचे, "कळतं म्हणून तर बोलत नाहीत." ती म्हणायची, "त्यांना जमत नाही गं. सगळ्यांना कुठे येतं बोलायला? मनाने वाईट नाहीत." मी गप्प बसायचे. म्हणजे पाचेक मिनिटं.

मग ताईचा हात भाजला. कुकरची वाफ मनगटावर आली, चांगलं कातडं सोलून निघालं. ती नळाखाली हात धरून उभी होती, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि भाऊजी स्वयंपाकघरात आले. हात बघितला असणारच, आंधळे नाहीत ते. त्यांनी रिकामा कप आणून नळाशेजारी ठेवला आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले.

ताईने गॅस बंद केला. हाताला ओलं फडकं गुंडाळलं, चार कपडे पिशवीत कोंबले आणि चालत माझ्याकडे आली. रडली नाही, ओरडली नाही. खुर्चीत बसून एवढंच म्हणाली, "त्यांनी तोंडाने एक गोष्ट मागावी. काहीही मागावं. मी आल्या पावली परत जाईन." मी म्हटलं, म्हणजे आता कायमची राहायला आलीस म्हण. तिला ते लागलं.

ही अट भाऊजींना कळवायची कशी? तर माझ्या भाचीने, म्हणजे त्यांच्याच लेकीने, फोन करून सांगितली. ती लांबच्या शहरात असते. "बाबा, आई म्हणते तोंडाने एक गोष्ट मागा, ती घरी येईल." पलीकडून "बरं" आलं. मग काही नाही. भाचीला वाटलं, बाबांचं कसं होणार. त्यांच्या फोनमध्ये ते एआयचं ॲप तिने मागेच घालून दिलं होतं, लिहून विचारा, नाहीतर फोटो दाखवा, ते उत्तर देतं. ते पुन्हा एकदा समजावून सांगितलं. त्यावरही "बरं."

दोन आठवडे होत आले. ताईचा हात सुकला. भाऊजींची ना चिठ्ठी ना चपाटी. ताई दिवसातून पन्नास वेळा फोन उलटा करून बघायची आणि मी न बघितल्यासारखं करायचे.

रविवारी सकाळी दुकान बंद होतं. आम्ही दोघी वर टेबलाशी बसून मटार सोलत होतो, माझा नवरा पेपर वाचत होता. ताईचा फोन वाजला. तिने हात पुसले, फोन उचलला आणि तिचा चेहरा असा काही उजळला की मला त्या मटारांचाही राग आला.

"ह्यांचा मेसेज आहे," ती म्हणाली.

"काय म्हणतात?"

तिने फोन माझ्यापुढे धरला. फोटो होता. फ्रीजचा. फ्रीजचं दार सताड उघडं, आत पिवळा दिवा आणि तीन फळ्या. वरच्या फळीवर दुधाची बाटली, लोण्याचा डबा, जॅमची बरणी. मधल्या फळीवर झाकणाचे दोन डबे आणि ताटलीने झाकलेलं एक भांडं. खाली काचेच्या मागे अर्धी कोबी, काही टोमॅटो, गाजरं. दारात अंडी. फोटोच्या खाली एक अक्षर नाही. वर नाही. स्वल्पविराम नाही.

"हे काय आहे?" मी म्हटलं.

"फ्रीज आहे," ताई म्हणाली.

"ते दिसतंय मला. त्याचं काय करायचं?"

माझ्या नवऱ्याने पेपर खाली ठेवला. खाण्याचा विषय निघाला की त्याचे कान टवकारतात. त्याने फोटो नीट बघितला आणि निकाल दिला. "सोपं आहे. घरात हे हे आहे, यातून काय करता येईल ते विचारतायत. बिचाऱ्याला स्वयंपाक शिकायचाय." आणि कुणी न विचारता त्याने ताईच्या फोनवरून भाऊजींना आवाजी मेसेज पाठवूनही दिला. कोबी बारीक चिरा, कांदा परता, त्यावर अंडी फोडा, मिरपूड टाका. गेली पंचवीस वर्षं याने स्वतः साधं अंडं उकडलेलं नाही. पाण्यात पडल्याशिवाय पोहायला शिकवणारे असे पुष्कळ असतात.

ताईने फोटो लेकीला पाठवला. लेकीचा लगेच फोन. तिला तर शंकाच नव्हती. "आई, ही सामानाची यादी आहे. काय संपलंय ते बाबा दाखवतायत. बघ ना, पाव नाही, केळी नाहीत, दही नाही. मी मागवते इथूनच." आम्ही "अगं थांब" म्हणेपर्यंत तिने मागवलंही. उंटावरून शेळ्या हाकायची विद्या हल्ली बोटाच्या टोकावर आली आहे. हिने कोबीसुद्धा मागवली. फोटोत अर्धी कोबी समोर दिसते आहे, तरी.

आणि ताई? ताई फोटो दोन बोटांनी मोठा करून करून बघत होती. "नाही," ती हळूच म्हणाली. "ते विचारतायत की खराब काय झालंय. हा डबा बघ. यात मी जायच्या आदल्या रात्रीचा भात आहे. हे ताटली झाकलेलं सूप. ती ताटली मीच ठेवली होती, तशीच आहे अजून. म्हणजे यांनी हात लावलेला नाही. किंवा..." ती थांबली. "किंवा थोडं थोडं खातायत."

"म्हणजे तीन माणसांनी तीन अर्थ काढले," मी म्हटलं. "आणि ज्याने फोटो पाठवला तो खिडकीत उभा आहे."

"छोटी, दोन आठवड्यांचा भात खाल्ला तर माणूस आजारी पडेल." ती उठली. "मी नुसती जाते, फ्रीज साफ करते आणि येते."

इथे मी तिच्या हाताला धरून खाली बसवली. मी म्हटलं, आज तू ओळखून गेलीस की उद्या भांड्यांचा फोटो येईल आणि परवा कपड्यांचा. अट तुझी आहे. तोंडाने मागा म्हणालीस. यात तोंड कुठे आहे? आणि हा माणूस अडाणी असता तर एक वेळ समजून घेतलं असतं. मागे माझं कोपर दुखत होतं म्हणून मी यांच्याकडे एक्स-रे काढायला गेले होते, घरचाच माणूस म्हणून. यांनी मला बाकावरून उठवून परत पाठवलं होतं. भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं, डॉक्टरची चिठ्ठी आणावी. कुठला भाग, कशासाठी काढायचा आणि काय बघायचं, ते लिहून आणल्याशिवाय मशीन चालू होत नाही. बरोबरच होतं ते. नुसता फोटो बघून डॉक्टर तरी काय करणार, त्याला माहीत हवं की पडली आहे, सूज आहे, की जुनं दुखणं आहे. जन्मभर चिठ्ठीशिवाय फोटो काढला नाही त्या माणसाने, आणि बायकोला चिठ्ठीशिवाय फोटो.

माझा नवरा "पॉइंट आहे" म्हणाला आणि परत पेपरात गेला.

ताई बराच वेळ फोन हातात घेऊन बसली. तिला आयुष्यात हे कधी करावं लागलं नव्हतं. मग तिने एका बोटाने लिहिलं, "काय हवंय?" आणि पाठवलं. मला तिचा अभिमान वाटला. तीस वर्षांनी एकदा तिने अंदाज न करता विचारलं.

दोन निळ्या खुणा आल्या. म्हणजे वाचलं. नावाखाली "लिहीत आहेत" असं आलं. आम्ही दोघी फोनवर वाकलो. गेलं. परत आलं. ताईने माझं मनगट धरलं होतं. परत गेलं. बराच वेळ काही नाही. पाणी प्यायला उठावं का, असा विचार मी करत होते तेवढ्यात फोन वाजला.

फोटो. फ्रीजचाच. या वेळी खालचा भाजीचा कप्पा बाहेर ओढून काढला होता, म्हणजे कोबी जरा नीट दिसत होती. खाली अक्षर नाही.

मी कपाळावर हात मारला. "पालथ्या घड्यावर पाणी. घे, आता कोबीचा चेहरा दिसतोय, ओळख तिच्या मनातलं."

ताई हसली नाही. "त्यांना खरंच जमत नाही गं," ती म्हणाली. "बघ ना, दोनदा लिहायला घेतलं. दोनदा पुसलं. एखाद्याचा पाय अधू असतो, तसं हे आहे. अधू माणसाला पळ म्हणून अट घालायची, हे काही माझं बरोबर झालं नाही." आणि ती चपला घालायला निघाली. मला कळलं की ही आता फ्रीज साफ करायला जात नाहीये. ही परत जातेय. अटबिट सगळी गुंडाळून, स्वतःलाच दोष देत परत चाललीये. मी तिची पिशवी बघितली, ती घेतली नव्हती, पण पिशवी काय, कुणीही नेऊन देतं.

"मी येते बरोबर," मी म्हटलं.

रस्ताभर ती भराभर चालत होती. मी मागून टोमणे मारत होते, ती ऐकत नव्हती. एकदा फक्त म्हणाली, "सूप खाल्लं नसलं म्हणजे झालं."

त्यांच्या दारात भाचीने मागवलेल्या दोन मोठ्या पिशव्या जशाच्या तशा पडल्या होत्या. एकीतून नवी कोबी डोकावत होती. दार भाऊजींनीच उघडलं. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले, पॅंट कमरेला ढिली. माझी नजर कमरेवर आधी जाते, धंदाच तो. बरंच वजन उतरलं होतं. ताईला बघून ते बाजूला झाले. "ये" नाही, "आलीस" नाही. बाजूला झाले, बस.

ताई सरळ स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग. ओट्यावर रिकामे डबे घासून उपडे ठेवले होते, ताटलीसुद्धा. कचऱ्याची पिशवी तोंड बांधून कोपऱ्यात ठेवली होती. ताईने फ्रीज उघडला. आत लख्ख. फळ्या पुसलेल्या. कोबीची बाहेरची पानं काढून बाकीची कागदात गुंडाळलेली. अंड्यांच्या खोक्याची तारीख पुढे करून ठेवलेली. जॅमची बरणी गायब, लोणी जागच्या जागी. दुधाच्या बाटलीवर एक चिकटपट्टी, तिच्यावर पेनाने लिहिलेलं, "आज उघडली."

ताई बघतच राहिली. मला मान्य करायला जड जातं, पण काम चोख होतं. इतकं चोख की मला संशय आला.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी टेबलावरचा फोन उचलला, बोटाने काहीतरी वर सरकवलं आणि फोन ताईच्या हातात दिला. चेहऱ्यावर, मी शपथेवर सांगते, चक्क आनंद होता. शाळेतलं पोर पास झाल्याचा कागद आईला दाखवतं तसा. आणि ते खिडकीशी जाऊन उभे राहिले.

तेच एआयचं ॲप होतं. ताई वाचू लागली, मी तिच्या खांद्यावरून.

सगळ्यात वर तो पहिला फोटो होता, नुसता. त्याखाली त्या एआयचं उत्तर. मला फ्रीजमध्ये दूध, लोणी, जॅम, अंडी, अर्धी कोबी, टोमॅटो, गाजरं दिसतायत. झाकलेल्या डब्यांत काय आहे ते दिसत नाही. तुम्हाला नेमकं काय हवंय? यातून काय बनवता येईल ते सुचवू, काय खराब झालं असेल ते तपासू, की काय आणायचं त्याची यादी करू? म्हणजे त्या बिनजिवाच्या ॲपलाही फोटो बघून कळलं नव्हतं. आमच्यातल्या तिघांनी ठोकून दिलं, त्याने विचारलं. ताईने विचारला होता तोच प्रश्न.

त्याच्याखाली दुसरा फोटो होता. कप्पा बाहेर ओढलेला, कोबी दिसणारा. तोच, जो ताईला आला होता. फक्त इथे त्याच्याखाली लिहिलेलं होतं.

"यातलं काय टाकून द्यावं आणि काय खाता येईल, ते कृपया सांगाल का? मला यातलं काही कळत नाही. हे सगळं माझी पत्नी बघत असे. डब्यातला भात आणि भांड्यातलं सूप तिने जाण्याआधी केलं होतं, दोन आठवडे झाले. मधे थोडं सूप गरम करून घेतलं, तेव्हापासून पोट बिघडलं आहे. म्हणून विचारतो. तसदीबद्दल माफ करा."

मी ते दोनदा वाचलं. तसदीबद्दल माफ करा.

पुढे तर गप्पाच होत्या. ॲपने सांगितलं होतं की भात आणि सूप चव किंवा वास न घेता टाकून द्या, शिजवलेलं अन्न फ्रीजमध्ये तीन-चार दिवसांच्या वर ठेवून खाऊ नये, वास ठीक वाटला तरी. बाटलीवरची तारीख या फोटोत वाचता येत नाही, जवळून फोटो पाठवा. यांनी जवळून पाठवला, आणि वर लिहिलं, "हा नीट दिसतो का?" जॅमवर पांढरं काही दिसतंय का, विचारलं, यांनी बघून लिहिलं, "हो, कडेला बुरशी आहे. वरची काढून खाली खाता येईल का?" नाही, बरणीच टाका. कोबी आतून टणक आहे का, चिकट नाही ना? "टणक आहे. वरची दोन पानं काळी आहेत, ती काढतो." पोटाचं विचारलं, ताप आहे का, पाणी पोटात राहतंय का, थांबलं नाही तर डॉक्टरकडे जा. "ताप नाही. आजपासून पातळच घेतो. आपण आपुलकीने विचारलंत, बरं वाटलं. मनापासून आभार."

या माणसाचे इतके शब्द मी तीस वर्षांत मिळून ऐकले नव्हते. शुद्ध, स्वच्छ, क्रियापदासकट. कृपया काय, मनापासून काय. एक फोन, एक बोट, आणि हे सगळं आत बसलं होतं.

मला बोलायचं होतं. पुष्कळ बोलायचं होतं, ओठांवर आलं होतं. पण मी ताईकडे बघितलं आणि गिळून टाकलं. तिने बोटाने परत वर सरकवलं होतं, त्या दुसऱ्या फोटोपर्यंत. स्वतःचा फोन तिने पर्समधून काढला. दोन्ही फोन शेजारी शेजारी धरले. दोन्हीकडे तोच कप्पा, तीच कोबी. एकीकडे खाली सगळं लिहिलेलं, दुसरीकडे वर तिचं "काय हवंय?" आणि खाली काही नाही.

तिने त्यांचा फोन टेबलावर ठेवला, हळू, काच आपटणार नाही असा.

"चांगलं साफ केलंत," ती म्हणाली. "सूप परत खाऊ नका. पिशव्यांतली केळी आधी संपवा." आणि ती दाराकडे निघाली.

तेव्हा मागून आवाज आला. "थांब."

मी वळून बघितलं. भाऊजीच बोलले होते, तोंडाने. अट पुरी झाली होती, आणि मला माहीत होतं की ताई शब्दाची पक्की आहे. काहीही मागावं म्हणाली होती. थांब म्हणजे मागणंच.

ताई थांबली. ती वळली आणि त्यांच्याजवळ गेली. तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता, माझ्यासारखं काहीच नव्हतं. तिने खरंच विचारलं.

"कशासाठी?"

भाऊजींनी तिच्याकडे बघितलं. ओठ हलले. मला वाटलं, आता येणार. ती उभी राहिली, घाई केली नाही, एक शब्द सुचवला नाही. पूर्वीची ताई असती तर तिने स्वतःच वाक्य पुरं करून दिलं असतं. ती नुसती वाट बघत होती. मीही वाट बघत होते, आणि खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मलाही वाटत होतं की बोल बाबा, एकदाचं बोलून टाक.

भाऊजी फ्रीजपाशी गेले. त्यांनी दार उघडलं आणि बाजूला उभे राहिले, तिला आतलं दिसावं म्हणून.

ताईने आत बघितलं. दिवा, पुसलेल्या फळ्या, दुधाची बाटली. मग तिने स्वतःच्या हाताने दार लावलं, रबर नीट चिकटलं का ते तळहाताने दाबून बघितलं, आणि चपला घातल्या.

जिना उतरलो. रस्त्यावर आलो. मला वाटलं रडेल, म्हणून मी रुमाल शोधत होते. ती रडली नाही. कोपऱ्यावर आल्यावर ती उभी राहिली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी सगळ्यांना सांगत आले गं, त्यांना येत नाही म्हणून. आईला सांगितलं, पोरीला सांगितलं. तुझ्याशी तर किती भांडले."

भांडण जिंकलं की मी गप्प बसणारी बाई नाही, पण हे जिंकून मला काडीचा आनंद झाला नव्हता.

"ज्याला येत नाही त्याच्याजवळ राहता येतं," ताई म्हणाली. "मी राहिलेच की. पण यांना येतं."

मग आम्ही घरी आलो. अर्धे मटार तसेच पडले होते, ते सोलून संपवले.